बाटलीतले पाणी जाते कोठे?



आपल्या बडोद्यात घरोघर एक वाक्प्रचार ऐकू येतो. शेजारी कोणी आजारी पडले की 'त्यांना बाटला चढवला' असे आपण म्हणतो. पुण्यामुंबईची मंडळी त्यालाच 'सलाईन लावले' म्हणतात. दोन्ही प्रयोगांत एक गैरसमज दडलेला आहे. जणू बाटली ही एकच वस्तू आहे, आणि ती चढली म्हणजे अंगात शक्ती आली! वस्तुतः घडियाळी पोळच्या नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात एका फळीवर ज्या चार-पाच बाटल्या शेजारी शेजारी दिसतात, त्यांतले द्रव एकमेकांपासून फार भिन्न आहेत. सगळे शिरेतूनच जातात हे खरे, पण शिरेत गेल्यावर कोणता द्रव कोठे जाऊन थांबतो, हे प्रत्येकाचे निराळे असते. रोग्याचा जीव कित्येकदा या एका गोष्टीवर अवलंबून असतो, म्हणून आज तिच्याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

आपण एक पन्नास किलो वजनाचा मनुष्य डोळ्यांपुढे आणू. त्याच्या शरीरात सुमारे तीस लिटर पाणी असते. त्यापैकी वीस लिटर पेशींच्या आत, आणि उरलेले दहा लिटर पेशींच्या बाहेर. या बाहेरच्या दहा लिटरांपैकी रक्तवाहिन्यांच्या आत वाहणारे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी वगळून उरणारा जो रक्तद्रव, तो अवघा दोन लिटरांहून किंचित अधिक. बाकीचे पाणी मांसात, त्वचेखाली, पेशीपेशींच्या फटींत असते. हृदयाला पंपाप्रमाणे काम करावयाचे तर त्याला उपयोग फक्त त्या दोन लिटरांचा. ते कमी झाले की नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात, लघवी आटते. डॉक्टर ज्याला शॉक म्हणतात तो हाच.

आता ग्लुकोजची बाटली घ्या. पाच टक्के ग्लुकोज म्हणजे अर्ध्या लिटरात पंचवीस ग्रॅम साखर. चहाचे पाच-सहा चमचे भरतील इतकीच, आणि तिच्यातून मिळणारी शक्ती एका मध्यम केळ्याहून अधिक नव्हे. ही साखर शरीर थोड्या वेळात जाळून टाकते आणि मागे उरते ते नुसते पाणी. नुसत्या पाण्याला कोठलाच पडदा अडवीत नाही. ते तिसांच्या तिसां लिटरांत पसरते. म्हणजे अर्ध्या लिटरातले रक्तवाहिन्यांत शेवटी पस्तीस-चाळीस मिलिलिटर राहिले तर राहिले. अशक्तपणा वाटतो म्हणून हौसेने बाटली लावून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. ज्याचे रक्त वाहून चालले आहे किंवा ज्याला शॉक आला आहे, त्याला ही बाटली देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणेच होय. ज्याच्या डोक्याला मार लागला आहे त्याच्या मेंदूच्या पेशींत हे पाणी शिरून सूज वाढविते, तेव्हा तेथे ती बाटली घातकच. रक्तातील साखर उतरली असेल किंवा पाण्याचीच उणीव असेल, तेथे मात्र तिला स्वतःचे मानाचे स्थान आहे.

मिठाच्या पाण्याची गोष्ट निराळी. खरे सलाईन म्हणजे एका लिटरात नऊ ग्रॅम मीठ. मिठातला सोडियम पेशींच्या आत टिकू शकत नाही, पेशी त्याला सतत बाहेर हाकलीत असते. त्यामुळे सलाईनचे पाणी पेशीबाहेरच्या दहा लिटरांत राहते, आणि त्याचा चौथा-पाचवा हिस्सा रक्तवाहिन्यांत उरतो. अर्ध्या लिटरातले शंभर-सव्वाशे मिलिलिटर म्हणा. ग्लुकोजच्या तिप्पट झाले, पण तरीही तीन चतुर्थांशांहून अधिक भाग अर्ध्या-एक तासात वाहिन्यांच्या भिंती ओलांडून मांसात जातो.

या सलाईनला डॉक्टर 'नॉर्मल' म्हणतात, परंतु ते तितकेसे नॉर्मल नाही. आपल्या रक्तद्रवात सोडियमचे प्रमाण एकशे चाळीसच्या आसपास आणि क्लोराइडचे शंभरच्या आसपास असते. सलाईनमध्ये दोन्ही एकशे चोपन्न. एक-दोन बाटल्यांनी काही बिघडत नाही. पण चार-पाच लिटर दिले की जादा क्लोराइडमुळे रक्त आम्लतेकडे झुकते. यावर तोड सापडली ती थोडी गमतीने. लंडनमध्ये १८८२-८३ च्या सुमारास सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात किती वेळ धडधडते ते पाहत होते. ते चांगले तासन्‌तास चाले. मग ध्यानात आले की द्रव शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने तयार झाला होता. शुद्ध पाणी घेताच हृदय थांबू लागले. नळाच्या पाण्यात चुना होता, म्हणजेच कॅल्शियम होते! त्यातून रिंगरचा द्रव निघाला. पुढे १९३२ साली अमेरिकेत अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेट घातले. लॅक्टेटचे यकृतात रूपांतर होऊन रक्ताची आम्लता कमी होते. हेच ते रिंगर लॅक्टेट, इस्पितळांत 'आर. एल.' म्हणून ओळखले जाते. त्यात क्लोराइड एकशे दहाच्या आसपास असल्यामुळे ते रक्तद्रवाच्या अधिक जवळचे आहे. जुलाब-पटकीच्या रोग्याला, भाजलेल्याला, डेंग्यूच्या रोग्याला प्रथम याचीच निवड होते. ओकाऱ्यांनी पोटातले आम्ल पुष्कळ गेले असेल, किंवा डोक्याला मार असेल, तर मात्र साधे सलाईनच बरे, कारण आर. एल. रक्तद्रवाहून किंचित पातळ असते.

मीठ आणि साखर यांच्या या द्रवांना स्फटिकाभ द्रव म्हणतात. हे नाव ठेवले थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली. चर्मपत्राच्या पडद्यातून मीठ-साखर सहज पलीकडे जाते, पण सरस, डिंक यांसारखे पदार्थ अलीकडेच राहतात, असे त्याला दिसले. दुसऱ्या वर्गाला त्याने सरसासाठीच्या ग्रीक शब्दावरून 'कोलॉइड' म्हटले. आपण त्यांना कलिल म्हणू. पुढे १८९६ मध्ये स्टार्लिंग यांनी दाखविले की रक्तातील प्रथिने हेच काम करतात. ती केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज जात नाहीत, आणि म्हणून आतल्या पाण्याला धरून ठेवतात.

यावरून विचार सरळ पुढे जातो. रक्तद्रव वाढवावयाचा असेल तर बाटलीत मोठ्या कणांचा पदार्थ घालावा, म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही. असे पदार्थ शोधले गेले. मानवी रक्तातून वेगळा काढलेला अल्ब्युमिन हा त्यांतला सर्वांत नैसर्गिक, आणि सर्वांत महागही. जिलेटिनापासून केलेले द्रव म्हणजे ग्रॅहमच्या सरसाचेच परिष्कृत रूप. मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिष्टापासून केलेला स्टार्च हा तिसरा. आणि चौथा डेक्स्ट्रान, ज्याची ओळख आपल्या साखर कारखान्यांना वेगळ्याच कारणाने आहे. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडला की त्याचा रस चिकट होऊन तार धरतो, गाळण्या तुंबतात. एक सूक्ष्म जंतू उसातल्या साखरेपासून जो बुळबुळीत पदार्थ बनवितो तोच डेक्स्ट्रान. कारखानदाराची ही डोकेदुखी स्वीडनमधल्या संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकात शिरेतून देण्याजोगी केली.

पुस्तकी हिशेब असा की, जे काम एका बाटली कलिलाने होते त्याला सलाईनच्या तीन-चार बाटल्या लागतील. मग कलिल द्रवच सर्वत्र का वापरू नयेत? या प्रश्नाचे उत्तर आपण डेंग्यूच्या एका रोग्यावर पाहू, कारण शॉकमध्ये रक्तवाहिन्यांतूनच पाणी गळते असा रोग आपल्या शहराला दर पावसाळ्यानंतर भेटतो. विश्वामित्रीचे पाणी ओसरते, गच्चीवरची पिंपे आणि कुंड्यांच्या थाळ्या भरलेल्या राहतात, आणि तीनएक आठवड्यांत घराघरांतून तापाचे रोगी निघू लागतात.

समजा, घडियाळी पोळ येथील एका वाड्यातला बावीस वर्षांचा तरुण आहे, वजन पन्नास किलो. चार दिवस कडक ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. डेंग्यूत हाच क्षण फसवा असतो. दुपारी त्याला पोटात दुखू लागते, दोन-तीन ओकाऱ्या होतात, तो गळून पडतो. इस्पितळात तपासणी होते. नाडी मिनिटाला एकशे वीस, हात गार, रक्तदाब वरचा एकशे चार आणि खालचा शहाऐंशी. वरचा आकडा पाहून घरचे म्हणतात, दाब तर ठीक आहे. पण वरच्या-खालच्यातले अंतर अठराच उरले आहे. वीस किंवा त्याखाली आले की शॉकची सुरुवात झाली असे समजतात.

घरचे नातलग या वेळी प्लेटलेटचा आकडा विचारीत असतात. कोणी पपईच्या पानांचा रसही घेऊन येतो. पण या घटकेला पाहावयाचा आकडा दुसराच असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर तो 'पी. सी. व्ही.' या नावाने येतो. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग आहेत, हे तो सांगतो. आपल्या तरुणाचा हा आकडा आजारापूर्वी चाळीस होता, आज पन्नास आहे. तांबड्या पेशी वाढलेल्या नाहीत, पातळ भाग कमी झाला आहे. त्याच्या अंगात साडेतीन लिटर रक्त असेल तर पेशी एक लिटर चारशे मिलिलिटर आणि रक्तद्रव दोन लिटर शंभर. पेशी तितक्याच राहून त्यांचे प्रमाण पन्नास झाले, म्हणजे रक्तद्रवही आता एक लिटर चारशेच उरला. सातशे मिलिलिटर, एक तृतीयांश भाग, वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत जाऊन बसला आहे. एक थेंबही रक्त सांडले नाही, आणि तरी मनुष्य शॉकमध्ये आहे.

हे सातशे मिलिलिटर परत आणावयाचे तर पुस्तकी हिशेबाने आर. एल. सुमारे तीन लिटर लागेल, आणि कलिल द्रव सातशे मिलिलिटर पुरेल. पाहा, कलिलाचा मोह किती सहज होतो! पण येथेच एक अडचण उभी राहते. ज्या भिंतीतून रक्तातला अल्ब्युमिन गळून गेला, त्याच भिंतीतून बाटलीतला कलिलही जातो. सरसाचे ते कण बाहेर गेले की तेथे पाणी धरून बसतात. ग्रॅहमचा चर्मपत्राचा पडदा शाबूत होता. आजारी मनुष्याच्या केशवाहिन्यांचा पडदा शाबूत नसतो, आणि कलिलाची गरज नेमकी त्यालाच असते.

दुसरीकडे, सलाईनचे पाणी पुस्तकात लिहिल्याइतक्या घाईने शॉकमध्ये निघून जात नाही. दाब खालावलेला असताना बाहेर ढकलणारी शक्तीही कमी झालेली असते. २००४ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील सोळा अतिदक्षता विभागांत जवळजवळ सात हजार रोग्यांवर हा निवाडा झाला. निम्म्यांना अल्ब्युमिन, निम्म्यांना सलाईन. अठ्ठावीस दिवसांत एका गटात ७२६ रोगी दगावले, दुसऱ्यात ७२९. द्रवाचे प्रमाण एकास तीन निघेल अशी अपेक्षा होती, ते एकास जेमतेम दीडही निघाले नाही. अल्ब्युमिन वाईट ठरला नाही, पण त्याच्या किमतीला साजेसा लाभही दिसला नाही. ज्यांच्या डोक्याला जबर मार होता त्यांच्यात तर अल्ब्युमिन दिलेल्यांचे मृत्यू अधिक झाले.

स्टार्चची कथा याहून खिन्न करणारी आहे. स्वस्त आणि मुबलक म्हणून तो जगभर चालला. त्याची बाजू मांडणाऱ्या निबंधांपैकी पुष्कळ निबंध योआखिम बोल्ट या एकाच जर्मन भूलतज्ज्ञाचे होते, आणि २०११ साली ते मोठ्या संख्येने नियतकालिकांनी मागे घेतले. पुढच्याच वर्षी दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले, एक स्कँडिनेव्हियातला, दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. स्टार्च मिळालेल्या रोग्यांना मूत्रपिंड बंद पडून डायलिसिसची गरज अधिक वेळा लागली असे दोहोंत दिसले, आणि पहिल्यात तर मृत्यूही अधिक झाले. स्टार्चचे कण अंगात ठिकठिकाणी साचून राहतात, मूत्रपिंडातही. गंभीर जंतुदोषाच्या रोग्यांना स्टार्च देऊ नये, असा निर्णय त्यानंतर झाला, आणि युरोपात २०२२ मध्ये त्याची विक्रीच स्थगित करण्याचे ठरले.

डेंग्यूपुरता प्रश्न व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरातील डॉक्टरांनी विचारला. शॉक मध्यम स्वरूपाचा असलेल्या ३८३ मुलांना त्यांनी आर. एल., डेक्स्ट्रान किंवा स्टार्च यांपैकी एक दिला. २००५ साली निकाल आला. आर. एल. मिळालेल्या मुलांना सावरावयास थोडा अधिक वेळ लागला, पण पुढे तिन्ही गट सारखेच बरे झाले. डेक्स्ट्रानने काहींना थंडी-ताप व पित्ताच्या गांधींसारखा त्रास दिला. तेव्हापासून पहिली बाटली आर. एल.ची, हा नियम पक्का झाला.

आता आपल्या तरुणाकडे परत येऊ. त्याला पहिल्या तासात दर किलोला दहा मिलिलिटर या मानाने पाचशे मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटराची एक बाटली आर. एल. दिले जाते. तासानंतर नाडी शंभरावर येते, हात उबदार होतात, पी. सी. व्ही. सेहेचाळीसवर उतरतो. येथे पुष्कळांचा हात सैल सुटतो. बाटलीने गुण आला, तर आणखी दोन जोरात सोडा! पण भिंत अजून गळतीच आहे, आणि जे जोरात जाईल त्यातले बरेचसे फुप्फुसांभोवती जमेल. म्हणून वेग उतरवावयाचा. पुढले दोन तास सुमारे तीनशे मिलिलिटर दर तासाला, मग चार तास दोनशे, मग सव्वाशे. सारी तूट भरून काढावयाची नसते. नाडी भरलेली राहील आणि तासाला पंचवीस मिलिलिटरांच्या आसपास लघवी होईल इतकेच पाणी वाहिन्यांत ठेवावयाचे असते.

असे सरळ न घडले तर? समजा पहिल्या बाटलीनंतर नाडी तशीच बारीक आहे आणि पी. सी. व्ही. पन्नासच्या वर आहे. याचा अर्थ गळती भरण्याहून वेगवान आहे. आणखी एकदा आर. एल. वेगाने द्यावे लागते, आणि तरीही रोगी टिकेना, किंवा सुरुवातीलाच नाडी लागेनाशी झाली असेल, तर तेथे कलिल द्रवाचे स्थान आहे. दर किलोला दहा ते वीस मिलिलिटर. कलिलामुळे पी. सी. व्ही. लवकर उतरतो हे व्हिएतनाममध्येही दिसले होते, आणि मरणाच्या दारात ती पंधरा मिनिटे मोलाची असतात. तेथेही जपून, कारण डेक्स्ट्रानने रक्त गोठण्यात अडथळा येतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असतेच.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी. पी. सी. व्ही. पन्नासचा अडतीस झाला, घरच्यांना वाटले आकडा सुधारला, पण नाडी मात्र अधिकच बिघडत आहे. पातळ भाग भरून आला असता तर नाडी सुधारली असती. येथे तांबड्या पेशीच कमी होत आहेत, म्हणजे आत कोठे तरी, बहुधा आतड्यात, रक्त वाहत आहे. आता आर. एल. नको, कलिल नको, रक्त हवे. अपघातात रक्त गेलेल्यालाही हीच गोष्ट लागू. आर. एल. थोडा वेळ निभावून नेते, पण प्राणवायू वाहून नेण्याचे काम कोणत्याही बाटलीला येत नाही. रक्ताच्या नळीतूनच आर. एल. किंवा पॉलिजेलिन जाऊ देऊ नये, दोहोंत कॅल्शियम असल्यामुळे साठविलेले रक्त नळीतच गोठू शकते.

अल्ब्युमिनविषयी एक वाक्य बोललेच पाहिजे, नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. यकृत निकामी होऊन पोटात पाणी भरलेल्या रोग्याचे पाच लिटरांहून अधिक पाणी एका वेळी काढले, तर प्रत्येक लिटरामागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन देतात, आणि तेथे त्याला दुसरा पर्याय तितकासा समाधानकारक नाही.

डेंग्यूतली गळती चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते आणि मग आपोआप थांबते. सातव्या दिवशी आपल्या तरुणाला भूक लागते, अंगाला खाज सुटते, लघवी भरपूर होते. छातीपोटात गेलेले पाणी आता वाहिन्यांत परत येत असते. पी. सी. व्ही. अडतीस दिसतो, पण या वेळी नाडी संथ आणि भरलेली आहे, म्हणून तो रक्तस्राव नव्हे. या टप्प्यावर 'अजून अशक्त आहे, एक बाटली असू द्या' असा आग्रह घरचे धरतात, आणि ती बाटली फुप्फुसांत पाणी साचविते. पापण्या सुजलेल्या दिसल्या, पडल्यावर दम लागू लागला, खोकला आला, तर तेच झाले असे समजावे. सुई काढून टाकावयाची वेळ ती हीच. त्याला पेज द्यावी, ताक द्यावे, आणि तहान लागेल तसे पाणी पिऊ द्यावे.